सर्वानुमते ठरले, पण काय ठरले?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयात विभागाची इतिवृत्त नोंदवही मागून घ्या आणि जून-जुलैचे पान उघडा. मजकूर जवळपास पाठ असल्यासारखा असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. नवीन वर्षाच्या वेळापत्रकाबाबत सविस्तर चर्चा झाली. कार्यभाराचे वाटप सर्वानुमते करण्यात आले. परीक्षेच्या काळात पर्यवेक्षणाचे काम सर्वांनी सहकार्याने करावे असे ठरले. ऐनवेळचे विषय नसल्याने आभार मानून सभा संपली. खाली सह्या, आणि एखाद्या सहीपुढे तारीख नाही.

अशा पानात खोटे काहीच नसते. चर्चा खरोखर झालेली असते आणि वाटपही झालेले असते. मात्र सहा वर्षांनी कोणी विचारले की त्या सत्रात अमुक प्राध्यापकाकडे आठवड्याला किती तास होते, तर त्या पानावर उत्तर नसते. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या कामामुळे मी बऱ्याच विभागांच्या नोंदवह्या चाळल्या. माझे निरीक्षण असे की इतिवृत्त वाईट मराठीमुळे फारसे बिघडत नाही, ते बिघडते आकडे नसल्यामुळे. वेळापत्रक, पर्यवेक्षण आणि कार्यभार हे सभासूचनेत तीन वेगळे विषय म्हणून येतात. प्रत्यक्षात ते एकच गणित आहे आणि त्याची सुरुवात कार्यभारापासून होते. आपल्याकडे वर्ग सुरू व्हायची घाई असल्यामुळे वेळापत्रक आधी ठरते आणि कार्यभाराचा तक्ता नंतर त्याला जुळवून घेतला जातो. निम्म्या भानगडी इथून सुरू होतात.

कार्यभाराचा मूळ आधार विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमांत आहे. पूर्णवेळ शिक्षकाचे काम आठवड्याला किमान 40 तासांचे, वर्षातले 30 कामाचे आठवडे, म्हणजे 180 अध्यापन दिवस. त्या 40 तासांपैकी प्रत्यक्ष अध्यापन सहायक प्राध्यापकाला 16 तास, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकाला 14 तास. उरलेल्या वेळात तयारी, संशोधन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन, परीक्षा आणि समित्या. विभागाच्या इतिवृत्ताला कामाचे असतात ते हे 16 आणि 14.

एक उदाहरण घेऊ. कला शाखेचा अर्थशास्त्र विभाग आहे. तीन मंजूर शिक्षक: विभागप्रमुख सहयोगी प्राध्यापक आणि दोन सहायक प्राध्यापक. त्यांना अ, ब आणि क म्हणू. त्यांची क्षमता 14 अधिक 16 अधिक 16, म्हणजे 46 तास. सत्राचे काम असे: प्रथम वर्षाला 10 तास, द्वितीय वर्षाला 16, तृतीय वर्षाला 18 आणि एम.ए.ला 18. एकूण 62. विभागाने इतिवृत्तात लिहिले: "एकूण कार्यभार 62 तास, उपलब्ध शिक्षकांचा 46 तास, अतिरिक्त 16 तासांसाठी तासिका तत्त्वावर दोन शिक्षक मिळावेत." बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. सह्या आहेत. प्रस्ताव प्राचार्यांमार्फत सहसंचालक कार्यालयाकडे गेला आणि परत आला.

कारण एम.ए.चा वर्ग कायम विनाअनुदानित आहे. त्या वर्गाचे 18 तास अनुदानित कार्यभारात धरता येत नाहीत. ते काढले की उरतात 44, आणि मंजूर क्षमता 46. म्हणजे शासनाच्या पैशातून तासिका तत्त्वाचा एकही तास मागता येत नाही, उलट दोन तास कमीच पडतात. एम.ए.च्या 18 तासांची सोय महाविद्यालयाने त्या वर्गाच्या शुल्कातून करायची आहे. ही चूक हिशेबाची नव्हती, दोन वेगळ्या खिशांतले पैसे एकत्र मोजण्याची होती. म्हणून तक्त्यात प्रत्येक वर्गापुढे अनुदानित की विनाअनुदानित हा रकाना हवाच. तो नसेल तर खालची बेरीज कितीही सुबक असली तरी तपासणारा ती पहिल्या मिनिटात खोडतो.

दुसरा घोळ "तास" या शब्दाचा. बऱ्याच महाविद्यालयांत तासिका 48 मिनिटांची होती आणि काही ठिकाणी अजून आहे. 48 मिनिटांच्या 20 तासिका म्हणजे 960 मिनिटे, म्हणजेच बरोबर 16 घड्याळी तास. त्यामुळे जुने प्राध्यापक "माझ्याकडे वीस आहेत" म्हणतात आणि नवीन "सोळा" म्हणतात, दोघेही बरोबर असतात. इतिवृत्तात मात्र दोन्ही ठिकाणी "तास" असेच उमटते. वरच्या उदाहरणातले 44 हे घड्याळी तास नसून तासिका असतील, तर ते 2,112 मिनिटे होतात, म्हणजे 35 तास 12 मिनिटे. मग 46 तासांच्या क्षमतेत जवळपास 11 तास कमी पडतात आणि एक शिक्षक अतिरिक्त ठरण्याची चर्चा सुरू होते. एका शब्दाने एवढे होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना आल्यापासून हे आणखी टोचते, कारण एका क्रेडिटला 15 तास लागतात. दोन क्रेडिटचा पेपर 30 तासांचा. तो 48 मिनिटांच्या दोन तासिका आठवड्याला, अशा 15 आठवडे शिकवला तर 24 तासच होतात. सहा तास कुठे गेले, याचे उत्तर वेळापत्रकात नसते. तक्त्याच्या डोक्यावर "सर्व आकडे घड्याळी तासांत" किंवा "48 मिनिटांच्या तासिकांत" अशी एक ओळ लिहिली की हा वाद तिथेच मिटतो.

आता 44 तास तिघांत कसे वाटायचे? अ ला 14 दिले की 30 उरतात आणि ब व क ला पंधरा-पंधरा देता येतील असे वाटते. पण पेपर दोन किंवा चार क्रेडिटचे असतात. पंधरा आणण्यासाठी दोन क्रेडिटचा पेपर दोघांत फोडावा लागतो, आणि मग अंतर्गत मूल्यमापन कोणी करायचे यावरून सत्रभर कुरबुर चालते. म्हणून विभाग बहुधा अ ला 14, ब ला 16 आणि क ला 14 असे ठरवतो. क च्या वाट्याला निकषापेक्षा दोन तास कमी आले. इथे इतिवृत्तात एक वाक्य लागते, आणि नेमके तेच राहून जाते: विभागाचा एकूण अनुदानित कार्यभारच 44 तास असल्याने व पेपरची विभागणी टाळल्याने क यांना या सत्रात 14 तास देण्यात आले.

हे वाक्य विभागाला आज निरर्थक वाटते, कारण सगळ्यांना कारण ठाऊक आहे. त्याची गरज पुढे पडते. क यांची पदोन्नती चार, पाच किंवा सहा वर्षांनी येईल, ते त्यांच्या पीएच.डी., एम.फिल.वर अवलंबून. त्यावेळी अध्यापनाचे मोजमाप होते ते नेमून दिलेल्या तासांपैकी किती घेतले यावर. 80 टक्के किंवा अधिक असेल तर चांगले, 70 ते 80 च्या दरम्यान समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. या टक्केवारीचा छेद म्हणजे नेमून दिलेले तास, आणि ते सांगणारा अधिकृत कागद म्हणजे हे इतिवृत्त. त्यात फक्त "वाटप सर्वानुमते" असेल तर छाननी समिती निकषातले 16 छेदात धरते आणि क नी सगळे 14 तास घेऊनही टक्केवारी 87.5 वर येते. एवढ्यावर निभावते. पण तेच क अधूनमधून रजेवर असतील आणि 12 तासांचाच सरासरी पुरावा निघत असेल, तर 14 च्या छेदाने ते 85 टक्क्यांच्या वर राहतात, 16 च्या छेदाने 75 वर येतात. शेरा बदलतो.

आता वेळापत्रक. इथे विभागाला वाटते तितके स्वातंत्र्य नसते, आणि इतिवृत्त तसे सांगत नाही. प्रथम वर्षाच्या खुल्या ऐच्छिक विषयाचा, मूल्य शिक्षणाचा किंवा भाषेचा तास सगळ्या शाखांना एकाच वेळी असतो, कारण विद्यार्थी वेगवेगळ्या वर्गांतून एकत्र येतात. तो वेळ केंद्रीय वेळापत्रक समिती ठरवते. विभागाच्या हातात उरतात मुख्य विषयाचे तास. म्हणून विभागीय सभेने "वेळापत्रक मंजूर केले" असे लिहिणे थोडे फुशारकीचे आहे. केंद्रीय समितीने दिलेले तास स्वीकारले आणि उरलेले तास सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे ठेवण्याची शिफारस केली, असे लिहिले की जबाबदारी कुठे थांबते ते कळते. कार्यभारालाही हेच लागू. विभाग शिफारस करतो, अंतिम मान्यता प्राचार्यांची, आणि अनुदानाच्या बाबतीत त्यांच्याही पलीकडच्या कार्यालयाची.

वेळापत्रकाच्या इतिवृत्तातली सर्वांत महागडी चूक पाहायची असेल तर तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या मानधनाचे बिल पाहा. या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे मिळतात. बिलासोबत हजेरी आणि वेळापत्रक लागते. ऑगस्टच्या मधोमध कोणाच्या तरी सोयीसाठी मंगळवारचा 11.30 चा तास गुरुवारी गेला. बदल विभागप्रमुखांनी व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकला, सगळ्यांनी अंगठे दाखवले, वर्ग झाला. बिल तपासताना कारकुनाकडचे वेळापत्रक जुनेच होते. त्यात गुरुवारी त्या वेळी दुसऱ्याच शिक्षकाचे नाव. तासिका तत्त्वावरच्या बाईंनी घेतलेले तास कागदावर झालेच नाहीत आणि बिल अडकले. मी असे एक बिल पुढच्या आर्थिक वर्षात गेलेले पाहिले आहे. उपाय अगदी साधा. वेळापत्रकाला क्रमांक द्यायचा. वेळापत्रक क्रमांक 1 अमुक तारखेपासून लागू, बदल झाला की क्रमांक 2, आणि पुढच्या सभेत एका ओळीत नोंद: वेळापत्रक क्रमांक 2 अमुक तारखेपासून लागू झाले, बदल एवढाच. व्हॉट्सअॅपवरचा निरोप कळवण्यासाठी ठीक आहे. पण फोन बदलला की तो गेला, आणि लेखापालाच्या फायलीत तो कधीच नव्हता.

पर्यवेक्षणाच्या बाबतीत विभाग बहुधा "आम्ही समजून घेऊ" या भूमिकेत असतो. समजून घेणे चांगलेच, पण आधी मागणी किती आहे ते मोजले पाहिजे. महाविद्यालयाची परीक्षा 12 दिवस, रोज दोन सत्रे, प्रत्येक सत्राला 10 खोल्या, असे धरा. तर 240 पर्यवेक्षणे होतात. 30 शिक्षक असतील तर प्रत्येकी 8. परीक्षा समिती हाच आकडा विभागांना कळवते आणि सगळे मान हलवतात. विसरलेले असतात ते मोकळीक देणारे पर्यवेक्षक, ज्यांना सगळे रिलीव्हर म्हणतात. पाच खोल्यांमागे एक धरला तरी सत्राला दोन, म्हणजे आणखी 48. एकूण 288, प्रत्येकी 9.6. आमच्या तीन जणांच्या विभागावर 24 नव्हे, 29 पडतात. चौथ्या-पाचव्या दिवशी "रिलीव्हर कोणी नाही" म्हणून धावपळ होते ती याच पाचांमुळे.

आता हे 29 तिघांत समान वाटायचे का? इथे कार्यभाराचा तक्ता परत कामाला येतो. समजा परीक्षा तृतीय वर्षाची आहे आणि खालच्या वर्षांचे तास सुरूच आहेत. त्या दोन आठवड्यांत तृतीय वर्षाचे 18 तास थांबतात. त्यात अ चे 4, ब चे 6 आणि क चे 8. म्हणजे सर्वांत जास्त वेळ क चा मोकळा होतो. अ ला 8, ब ला 10 आणि क ला 11 हे वाटप त्यामुळे न्याय्य ठरते. पण कारण न लिहिता नुसते 8, 10, 11 लिहिले तर पाहणाऱ्याला वाटते की विभागप्रमुखांनी स्वतःवर कमी काम घेतले आणि सर्वांत कनिष्ठावर लादले. शिवाय अर्थशास्त्राच्या पेपरच्या सत्रात त्या खोल्यांवर विभागातल्या कोणाला ठेवत नाहीत आणि जवळचा नातेवाईक परीक्षेला बसला असेल तर त्या केंद्रावर त्या शिक्षकाला काम देत नाहीत. ही बंधने लक्षात घेऊन यादी केली, एवढे एक वाक्य पुरते. अदलाबदलीची नोंदही त्याच वेळी हवी. ब ऐवजी क गेले, तर यादीवर ब चेच नाव राहते, आणि पुढे परीक्षेच्या कामाचा तपशील भरताना क ला स्वतःचे काम सिद्ध करावे लागते. परीक्षा आणि मूल्यमापनाचे काम पदोन्नतीच्या अर्जात मोजल्या जाणाऱ्या उपक्रमांपैकी एक आहे.

इथे एक सावधगिरी. इतिवृत्त कायमचे दप्तर आहे आणि माहितीच्या अधिकारात कोणीही त्याची प्रत मागू शकतो, त्यामुळे काय लिहू नये हेही ठरवून घ्यावे. एका नोंदवहीत मी असे वाचले की अमुक मॅडमना अमुक त्रास असल्याने त्यांना उभे राहण्याचे काम देऊ नये. हेतू चांगला होता, पण त्या बाईंचे दुखणे पंचवीस वर्षांनी येणाऱ्या विभागप्रमुखालाही वाचता येणार. "वैद्यकीय कारणास्तव, अर्ज विभागाकडे दाखल" एवढे लिहून अर्ज वेगळ्या फायलीत ठेवता आला असता. तसेच प्रश्नपत्रिका कोणी काढली, संच कोणाकडे आहेत हे इतिवृत्तात येऊ नये. काही विभाग प्रामाणिकपणे तेही लिहितात.

मतभेदाबद्दल आपला संकोच फार मोठा आहे. क ला 14 तास आणि 11 पर्यवेक्षणे मान्य नसतील तर ते सभेत बोलतात, बाहेर व्हरांड्यात जास्त बोलतात, आणि इतिवृत्तावर सही करतात. नंतर तक्रार झाली की सही त्यांच्याविरुद्ध वापरली जाते. "क यांनी पर्यवेक्षणाच्या वाटपाशी असहमती नोंदवली, बहुमताने वाटप कायम" एवढी ओळ लिहिल्याने विभागाची अब्रू जात नाही. सर्वानुमते हा शब्द तेव्हाच वापरावा जेव्हा तो खरा असेल.

दुरुस्तीचा नियमही यातूनच निघतो. चूक पुढच्या सभेत, मागील इतिवृत्त कायम करताना दुरुस्त करायची आणि ती दुरुस्ती नव्या इतिवृत्तात लिहायची. जुन्या पानावर पांढरा रंग लावू नये किंवा आकडा गिरवू नये. आडवी रेघ, बाजूला बरोबर आकडा, आद्याक्षरी आणि तारीख. आणि खालचा मूळ आकडा वाचता आला पाहिजे.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्याबद्दल सगळ्यांना माहीत असते आणि कोणी लिहीत नाही. नॅकची समिती येणार असे कळले की पाच वर्षांची इतिवृत्ते एका आठवड्यात तयार होतात. ओळखणे अवघड नसते. पाच वर्षांची शाई एकाच पेनाची असते. एखादी सभा रविवारी निघते. नोकरीवर हजर होण्यापूर्वीच्या सभेवर नव्या शिक्षकाची सही असते. मला सर्वांत लक्षात राहिलेली सभा एप्रिल 2020 मधली होती: "विभागप्रमुखांच्या दालनात सर्व सदस्य उपस्थित". देशभर टाळेबंदी होती, महाविद्यालयाचे फाटक बंद होते, पण विभागाने दालनात बसून वेळापत्रक ठरवले होते! त्या काळात खरोखर झालेल्या ऑनलाइन सभांची साधी, दोन ओळींची नोंद असलेले विभागही मी पाहिले आहेत. त्यांच्या नोंदवह्या दिसायला फाटक्या होत्या, पण तपासणीत टिकल्या.

टिकण्याच्या दृष्टीने बांधीव, पानांना आधीच क्रमांक घातलेली वही अजूनही सर्वांत सुरक्षित. टंकलिखित इतिवृत्त चिकटवायचे असेल तर प्रत्येक पानाच्या कडेवर अर्धी सही वहीवर आणि अर्धी चिकटवलेल्या कागदावर येईल अशी करावी. पान बदलले तर सही तुटते. कार्यभाराचा तक्ता आणि वेळापत्रक ही परिशिष्टे, म्हणजे त्यांनाही इतिवृत्ताइतकेच जपायचे. नेहमी इथेच गळती होते. इतिवृत्त वहीत राहते आणि "सोबत जोडले" असलेला तक्ता विभागप्रमुखांच्या लॅपटॉपवरच्या एक्सेल फायलीत. ते निवृत्त होतात, लॅपटॉप त्यांच्याबरोबर घरी जातो.

म्हणून पदभार देण्या-घेण्याच्या यादीत मी आता एक ओळ आवर्जून घालतो. कपाटाच्या चाव्या, संगणक, प्रिंटर आणि खुर्च्या यांच्याआधी: इतिवृत्त नोंदवही, पान 1 ते अमुक, परिशिष्टांसह, परिशिष्टे मोजून. मागच्या वेळी आम्ही मोजली तेव्हा 14 ऐवजी 11 निघाली. उरलेली तीन शोधायला नव्या आणि जुन्या विभागप्रमुखांचा सबंध शनिवार गेला. दोन ग्रंथालयाच्या झेरॉक्सच्या ढिगात सापडली. तिसरे मिळाले नाही. पदभाराच्या यादीवर "परिशिष्ट 9 उपलब्ध नाही" असे लिहून दोघांनी सही केली.